व्हॉट्सॲपवरून घरचा मसाला विकताना: कॅटलॉगपासून पार्सल हातात पडेपर्यंत

कोल्हापूरकडे उन्हाळा लागला की डंखावर मिरची कुटायला रांगा लागतात. मी आणि माझ्या जाऊबाई त्याच दिवसांत कांदा-लसूण मसाला करतो आणि वर्षभर विकतो. दुकान नाही, गाळा नाही, वेबसाइट नाही. एक फोन आहे, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस आहे आणि इन्स्टाग्रामचे एक पान आहे. पहिल्या हंगामात माल उत्तम होता, पण व्यवहार विस्कळीत होता. एकाच आडनावाच्या दोन गिऱ्हाइकांपैकी मध्यम तिखट मागवणाऱ्या बाईंना आम्ही जहाल मसाला पाठवला. त्यांच्या घरी लहान मुले होती. दुसऱ्यांदा त्यांनी मागवला नाही. मसाला चांगला असणे आणि ऑर्डर बरोबर जाणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे तेव्हा उमगले. हा लेख त्या दुसऱ्या कामाबद्दल आहे. उदाहरण मसाल्याचे असले तरी साड्या, गोधड्या किंवा दिवाळीचा फराळ विकणाऱ्यांनाही यातले बरेच लागू पडेल.

नंबर आणि नाव

सुरुवात वेगळ्या सिमकार्डाने करा. घरच्या नंबरावर धंदा चालवला की मावशीचे गुड मॉर्निंग आणि गिऱ्हाइकाचा पत्ता एकाच ढिगात जातो. शिवाय एकाच नंबरावर साधे व्हॉट्सॲप आणि बिझनेस ॲप एका वेळी चालत नाही. नवा नंबर घेतल्यावर आधी दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा, म्हणजे सहा आकडी पिन लावा. आपल्यासाठी हा नंबर म्हणजेच दुकान. कुणी बोलण्यात गुंतवून ओटीपी काढून घेतला, तर गिऱ्हाईक, जुन्या ऑर्डरी आणि नाव, सगळे एका दिवसात दुसऱ्याच्या हाती जाते.

नावाकडे बहुतेक जणांचे लक्ष नसते. गिऱ्हाईक पैसे पाठवायला जाते तेव्हा त्याच्या फोनवर तुमच्या ब्रँडचे नाव दिसत नाही, बँकेत नोंदवलेले नाव दिसते. पानावर ‘आजीची चटणी’ आणि पैसे घेताना कुणा अनोळखी पुरुषाचे नाव, असे झाले की नवे गिऱ्हाईक तिथेच थांबते, आणि ते बरोबरच करते. आमचे खाते जाऊबाईंच्या नावावर आहे. म्हणून प्रोफाइलमध्ये आणि पैसे मागण्याच्या प्रत्येक संदेशात आम्ही लिहितो, ‘पैसे पाठवताना अमुक नाव दिसेल. दुसरे नाव दिसले तर पाठवू नका, आधी फोन करा.’ या ओळीसाठी काही खर्च येत नाही, आणि पहिल्यांदा मागवणाऱ्यांच्या शंका तिने सर्वांत जास्त मिटवल्या आहेत.

कॅटलॉगमध्ये काय लिहावे

कॅटलॉगमधल्या प्रत्येक वस्तूला फोटो, नाव, भाव, वर्णन आणि कोड अशा जागा असतात. कोडची जागा रिकामी सोडू नका. आमच्याकडे ‘KM-1’ म्हणजे मध्यम तिखट एक किलो, ‘KJ-05’ म्हणजे जहाल अर्धा किलो. कोड आल्यापासून मध्यम आणि जहाल यांची गल्लत थांबली. वेगवेगळ्या वजनांच्या वेगवेगळ्या नोंदी करा. एकाच नोंदीत चार भाव लिहिले की गिऱ्हाईक कार्टमध्ये वस्तू टाकते आणि वजन कोणते ते कळतच नाही.

फोटो खिडकीजवळच्या उजेडात काढा आणि मसाल्याचा रंग खरा दिसू द्या. फिल्टरने लालभडक केलेला मसाला घरी पोचल्यावर विटकरी दिसतो आणि तक्रार येते. पहिला फोटो मसाल्याचा, दुसरा सीलबंद पाकिटाचा, तिसरा लेबलचा. लेबलवर निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकतो, साहित्य, पत्ता, फोन आणि अन्नसुरक्षेचा 14 आकडी नोंदणी क्रमांक हवा. खाण्याचा माल विकायचा तर ती नोंदणी घरगुती उद्योगालाही लागते. अर्ज foscos.fssai.gov.in वर करता येतो. अनोळखी माणसाकडून खाण्याचा जिन्नस घेणारी बाई तो क्रमांक पाहते, म्हणून आम्ही तो वर्णनातही लिहितो.

वर्णन थोडक्यात, पण प्रश्न संपवणारे हवे. आमचे असे आहे: ‘ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, कांदा, लसूण, सुके खोबरे, तीळ, धने आणि गरम मसाला. मध्यम तिखट. चार माणसांच्या आमटीला एक चमचा पुरतो. कोरड्या बरणीत ठेवा, ओला चमचा घालू नका. कुरिअर खर्च वेगळा.’ ‘सांधेदुखीवर गुणकारी’, ‘शुगर कमी होते’ असे काही लिहू नका. कॅटलॉगमध्ये टाकलेली वस्तू आधी तपासली जाते, आणि औषधी दावा दिसला तर ती नाकारली जाण्याची शक्यता असते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे असा दावा कायद्यातही बसत नाही.

भाव उघड ठेवा. इन्स्टाग्रामवर ‘भावासाठी मेसेज करा’ लिहिले की लोकांना वाटते, माणूस पाहून भाव सांगतात. भाव बदलला तर कॅटलॉगमध्ये त्याच दिवशी बदला, आणि माल संपला तर नोंद लपवा. इन्स्टाग्रामचे काम दाखवण्याचे: मिरची निवडताना, कांदा वाळवताना, डंखावर कुटताना. ऑर्डर मात्र तिथल्या मेसेजमध्ये घेऊ नका. प्रोफाइलमध्ये wa.me/91 आणि त्यापुढे तुमचा दहा आकडी नंबर, अशी लिंक द्या, म्हणजे गिऱ्हाईक थेट व्हॉट्सॲपवर येते. दोन ठिकाणी ऑर्डर घेतली की एखादी हमखास निसटते.

ऑर्डर पक्की कधी होते

कार्टमधून आलेला संदेश म्हणजे पक्की ऑर्डर नव्हे. त्यात कुरिअर खर्च नसतो, पत्ता नसतो, आणि भाव परवाचाही असू शकतो. ऑर्डर पक्की होते ती आपण सगळे पुन्हा लिहून पाठवल्यावर आणि समोरून ‘हो’ आल्यावर. मागच्या मोसमात ठाण्याहून आलेल्या एका ऑर्डरीला आम्ही पाठवलेला संदेश असा होता:

‘ऑर्डर क्र. 47. कांदा-लसूण मसाला मध्यम, 1 किलो, ₹700. थालीपीठ भाजणी, अर्धा किलो, ₹140. कुरिअर ₹130. एकूण ₹970. पत्ता आणि पिनकोड खाली लिहिला आहे, एकदा वाचून पाहा. पैसे आल्यावर दोन दिवसांत पार्सल निघेल आणि त्याच संध्याकाळी पावतीचा फोटो येईल. सगळे बरोबर असेल तर “हो” लिहा.’

त्या बाईंनी पत्ता वाचला आणि कळवले की इमारतीचे नाव बरोबर आहे, पण विंग बी नाही, डी आहे. चूक त्यांच्याच पहिल्या मेसेजमध्ये होती. तरी पार्सल परत आले असते तर राग आमच्यावर निघाला असता आणि भुर्दंडही आम्हालाच बसला असता. म्हणून पत्ता कधीही नुसता पुढे ढकलू नका, स्वतः टाइप करून परत विचारा. पिनकोड आणि पर्यायी फोन नंबर मागून घ्या.

हा संदेश दर वेळी नव्याने टाइप करायला नको. बिझनेस ॲपमध्ये ‘क्विक रिप्लाय’ची सोय आहे. साचा एकदा साठवला की चॅटमध्ये तिरपी रेघ आणि छोटा शब्द टाकल्यावर तो येतो. आमचे तीनच साचे आहेत: ऑर्डर, पैसे आणि पार्सल. स्वयंचलित स्वागत-संदेशही लावा, पण लहान: ‘नमस्कार. आम्ही सकाळी 11 ते 1 आणि संध्याकाळी 6 ते 8 उत्तर देतो. भाव कॅटलॉगमध्ये आहेत.’ वेळ लिहिली की रात्री अकराला ‘हॅलो, हॅलो’ असे मेसेज येणे बरेच कमी होते.

प्रत्येक चॅटला लेबल लावा: नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले, पाठवले, पूर्ण. चॅट एका लेबलावरून दुसऱ्यावर गेले की जुने लेबल काढा, नाहीतर आठवड्याभरात लेबलांना अर्थ उरत नाही. आणि एक वही ठेवा. क्रमांक, नाव, काय मागवले, रक्कम, व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, पार्सलची तारीख. फोन पाण्यात पडला तरी वही राहते. जाऊबाईंना ॲपपेक्षा वहीच जवळची वाटते, आणि आजवर कितीतरी वाद वहीनेच मिटवले आहेत.

पैसे: स्क्रीनशॉटवर कधीच नाही

आमचा नियम असा आहे की पैसे आपल्या खात्यात दिसल्याशिवाय मसाला पाकिटात भरायचा नाही. गिऱ्हाइकाने पाठवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. हिरवी खूण, रक्कम आणि नाव असलेले खोटे चित्र बनवणारी ॲप आहेत. बँकेकडून आल्यासारखा दिसणारा एसएमएसही खोटा असू शकतो. स्वतःचे बँक ॲप उघडा, जमा रक्कम पाहा आणि गिऱ्हाइकाला 12 आकडी यूपीआय व्यवहार क्रमांक विचारून तो ताडून पाहा. घाई असेल तेव्हाच ही तपासणी चुकते, म्हणून ती दिवसातून दोन ठरलेल्या वेळी एकत्र करा.

कधी गिऱ्हाईक म्हणते, ‘माझे पैसे कापले गेले’, आणि आपल्याकडे काहीच दिसत नाही. माणूस खरेच बोलत असतो, व्यवहार मध्येच अडकलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे अडकलेले पैसे आपोआप परत जायला हवेत: व्यक्तीला पाठवलेले दुसऱ्या दिवसापर्यंत, व्यापारी खात्याला पाठवलेले पाच दिवसांत. तेव्हा नम्रपणे सांगा, ‘आमच्याकडे आलेले नाहीत. एकतर जमा होतील, नाहीतर तुम्हाला परत मिळतील. तोवर तुमचा माल बाजूला ठेवते.’ माल बाजूला ठेवते म्हटल्यावर माणूस शांत होतो.

फसवणुकीचे दोन प्रकार या धंद्यात नेहमीचे आहेत. पहिला: मोठी ऑर्डर येते, समोरचा स्वतःला सैन्यातला अधिकारी म्हणवतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, भावाबद्दल एक शब्द विचारत नाही. मग म्हणतो, ‘आमची पैसे देण्याची पद्धत वेगळी आहे, मी कोड पाठवतो, तो स्कॅन करा म्हणजे पैसे येतील.’ पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. पाच किलो मसाला मागवणारा माणूस तिखट किती आहे हे विचारत नसेल, तर त्याला मसाला नको आहे.

दुसरा प्रकार: ‘चुकून 970 ऐवजी 9,700 पाठवले, वरचे लगेच परत करा.’ एसएमएसही येतो. खाते पाहिले तर काहीच जमा नसते. क्वचित पैसे खरोखर आलेले असतात, तेव्हा जास्त सावध राहा. ते दुसऱ्या कुणाचे लुबाडलेले असू शकतात आणि पोलीस तक्रारीनंतर तुमचे खाते गोठवले जाऊ शकते. सांगितलेल्या तिसऱ्याच नंबरावर काहीही पाठवू नका. बँकेला कळवा आणि बँकेमार्फतच परत करा. याच कारणाने विक्रीचे खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवा, आणि प्रत्येक ऑर्डरीचे चॅट व कुरिअरची पावती जपा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

‘माल मिळाल्यावर पैसे’ ही मागणी नेहमी येते. आमचे मत त्याविरुद्ध आहे आणि त्याला हिशोबाचा आधार आहे. ₹700 च्या पार्सलवर आमच्या हातात साधारण ₹180 उरतात. गिऱ्हाइकाने दारात पार्सल नाकारले तर जायचे ₹100 आणि यायचे जवळपास तितकेच. एका नकारात एका चांगल्या ऑर्डरीची पूर्ण कमाई जाते, वर दबलेले पाकीट पुन्हा विकता येत नाही. पण नव्या माणसाला भीती वाटते हेही खरे. त्यावर आम्ही ₹90 चा शंभर ग्रॅमचा नमुना ठेवला आहे. बुडाले तर थोडकेच, असा विचार करून लोक तो मागवतात, आणि पुढची ऑर्डर आगाऊ पैसे देऊन करतात.

पार्सल

मसाल्याला तेल सुटते. एका पिशवीत भरला तर दोन दिवसांत पुठ्ठा डागाळतो आणि वास शेजारच्या पार्सलांना लागतो. आम्ही जाड फूड ग्रेड पाऊच सील करतो, तो दुसऱ्या पाऊचमध्ये घालतो, मग खोक्यात. भाजणी वेगळ्या पिशवीत, वरच्या बाजूला.

खोके निवडताना कुरिअरचा हिशोब समजून घ्या. बऱ्याच कंपन्या खरे वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जास्त असेल ते धरतात. आकारमानाचे वजन काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुधा 5000 ने भागायची. ठाण्याचे दीड किलोचे पार्सल 30 × 20 × 15 च्या खोक्यात 1.8 किलो धरले जाते. तेच घरात पडलेल्या 35 × 25 × 20 च्या खोक्यात घातले असते तर 3.5 किलोचे पैसे लागले असते. म्हणून दोनच मापांची खोकी घाऊक आणून ठेवा आणि कॅटलॉगमधली वजने त्यांत बसतील अशी ठरवा. जिथे कुरिअर पोचत नाही तिथे स्पीड पोस्ट बरे. राज्यात एसटी पार्सल किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनेही माल जातो, पण तो घ्यायला गिऱ्हाइकाला स्टँडवर यावे लागते. हे आधीच विचारून घ्या.

सील करण्याआधी एक छोटा व्हिडिओ काढा: ऑर्डर क्रमांकाची चिठ्ठी, पाकिटांवरचे कोड, काट्यावरचे वजन. वीस सेकंद लागतात. आम्ही तो गिऱ्हाइकालाही पाठवतो. ‘एक पाकीट कमी आले’ हा वाद त्यानंतर झालेला नाही. पार्सल दिले की त्याच संध्याकाळी पावतीचा फोटो आणि ट्रॅकिंग क्रमांक पाठवा. पैसे देऊन बसलेल्या माणसाला विचारायची वेळ येऊ देऊ नका.

कोल्हापूरच्या विक्रेत्यांना एक गोष्ट माहीत हवी. बेळगाव आणि गोवा आपल्याला घरचे वाटतात, पण कराच्या दृष्टीने ती दुसरी राज्ये आहेत. महाराष्ट्रात राहून महाराष्ट्रातच माल विकला तर साधारणपणे वर्षाच्या 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. दुसऱ्या राज्यात माल विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. हस्तकलेच्या वस्तूंना यात सूट आहे, मसाल्याला नाही. आम्ही पहिले दीड वर्ष निपाणीच्या नातेवाइकांच्या ओळखीतल्या ऑर्डरी याच कारणाने नाकारल्या आणि मग कर सल्लागाराकडून नोंदणी करून घेतली. तुमच्या मालाचे नेमके काय, हे सल्लागाराला एकदा विचारून घ्या.

तक्रार, अभिप्राय आणि नकली पाने

तक्रार आली की आधी फोन करा. लिहिलेला शब्द रागात अधिक कडू वाटतो. फुटलेले पाकीट असेल तर फोटो मागवा, आणि मसाला परत मागवू नका. खाण्याचा उघडलेला जिन्नस आपल्या काही कामाचा नसतो. पैसे परत हवेत की नवे पाकीट, हे त्यांना निवडू द्या. पैसे परत करायचे तर ज्या खात्यातून आले त्यातच, आणि त्याच दिवशी. ‘तिखट जास्त लागले’ ही मात्र वेगळी तक्रार. कोड बरोबर गेला असेल तर चूक आपली नसते. तरीही आम्ही पुढच्या ऑर्डरीत मध्यम तिखटाचा नमुना घालतो आणि वर्णनात सुधारणा करतो. ‘चार माणसांच्या आमटीला एक चमचा’ ही ओळ अशाच एका फोननंतर आली.

कुणी कौतुकाचा मेसेज पाठवला तर तो पानावर टाकण्याआधी विचारा, आणि नंबर व फोटो झाका. गिऱ्हाइकाचा नंबर उघडा पडलेला दिसला की बाकीच्यांना वाटते, उद्या आपलाही पडेल. नव्या मालाची वर्दी ब्रॉडकास्ट यादीने द्या, पण ती फक्त तुमचा नंबर जतन केलेल्यांनाच पोचते. म्हणून पार्सलमध्ये नंबराची चिठ्ठी टाका. कुठून तरी मिळवलेल्या नंबरांवर धडाधड जाहिरात पाठवू नका. लोक तक्रार करतात आणि व्हॉट्सॲप नंबर बंद करते.

पान थोडे चालू लागले की तुमचेच फोटो चोरून कुणी तसेच दुसरे पान उघडू शकते, आणि पैसे घेऊन माल पाठवत नाही. फोटोवर मधोमध नाव आणि नंबर टाका. कोपऱ्यातले नाव कापता येते. नकली पान दिसले तर इन्स्टाग्रामला कळवा, गिऱ्हाइकांनाही कळवायला सांगा, आणि स्टोरी हायलाइटमध्ये कायमची सूचना ठेवा: आमचा नंबर हा एकच, पैसे घेताना दिसणारे नाव हे एकच. आमच्या बाबतीत असे झाले तेव्हा नागपूरच्या एका गिऱ्हाइकाने पैसे पाठवताना वेगळे नाव पाहिले, थांबले आणि आम्हाला फोन केला. त्यांचे ₹1,400 वाचले. त्याच फोनवर त्यांनी दोन किलो जहाल मागवला, आणि वहीत तो क्रमांक 112 म्हणून लिहिला गेला.